निवेदन लांबलं की पान उलटणारं पेडल का दगा देतं

*मी मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. नोटेशन दहा इंची अँड्रॉइड टॅबवर असतं, पान उलटायला ब्लूटूथचं दोन बटणांचं पेडल घेतलंय. परळला घरी सरावात एकदम व्यवस्थित चालतं. कार्यक्रमात मात्र निवेदन लांबलं की पहिला दाब वाया जातो, मी पुन्हा दाबतो आणि दोन पानं एकदम उलटतात. टॅब बदलू, पेडल बदलू की परत कागदावर जाऊ?*

लगेच काहीच बदलू नका. घरी तुम्ही एकामागून एक गाणी वाजवता, पेडल दर मिनिटा-दोन मिनिटांनी दाबलं जातं आणि जागं राहतं. रंगमंचावर निवेदक गाण्याच्या जन्मकथेत रमला, मध्येच कुणाचा सत्कार झाला, की दहा-पंधरा मिनिटं कशी जातात कळत नाही. तेवढ्या वेळात तुमचं पेडल बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जातं. टॅबही ठीक आहे, पेडलही ठीक आहे, फक्त त्याची झोप तुमच्या कार्यक्रमाच्या वेळापत्रकात बसत नाही.

आत काय होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. टॅबच्या दृष्टीने हे पेडल म्हणजे दोन कळांचा कीबोर्ड आहे. त्याला संगीतातलं काही कळत नाही. उजवं बटण दाबलं की ते `Page Down` किंवा उजव्या बाणाची कळ पाठवतं, डावं दाबलं की उलट दिशेची. नोटेशनच्या ॲपने त्या कळेचा अर्थ 'पुढचं पान' असा लावलेला असतो. बराच वेळ काही दाबलं गेलं नाही, तर पेडल टॅबशी असलेला दुवा तोडतं आणि निजतं. त्यानंतरचा पहिला दाब त्याला फक्त उठवतो. उठून टॅबला शोधायचं, ओळख पटवायची, दुवा जोडायचा, यात साधारण दोन-तीन सेकंद जातात.

त्या दोन-तीन सेकंदांत काय होतं ते पेडलच्या घडणीवर अवलंबून असतं. काही पेडलं तो पहिला दाब टाकून देतात. काही तो लक्षात ठेवतात आणि दुवा जुळला की पाठवून देतात. तुमचं दुसऱ्या जातीचं दिसतंय. तुम्ही दाबलंत, सेकंदभर वाट पाहिलीत, पान हललं नाही म्हणून घाबरून पुन्हा दाबलंत. मग दुवा जुळला आणि दोन्ही दाब एकामागून एक येऊन पोचले. तुम्हाला वाटलं पहिला वाया गेला. तो वाटेत होता.

खात्री करायला घरीच एक संध्याकाळ काढा. टॅबवर गाणं उघडा, पेडल एकदा दाबून चालतंय ते बघा आणि पाच मिनिटं हात लावू नका. मग एकदाच दाबा आणि मनात पाचपर्यंत मोजा. पान लगेच उलटलं तर पुढच्या खेपेला दहा मिनिटं थांबा, मग पंधरा, मग वीस. कुठल्यातरी टप्प्यावर पान उशिरा उलटेल किंवा उलटणारच नाही. पेडलच्या झोपेची वेळ तुम्हाला कळली. माझ्याकडच्या पहिल्या पेडलची दहा मिनिटं होती आणि ती मला पुस्तिकेतून नाही, दादरला भर कार्यक्रमात कळली. गायिका अंतऱ्याच्या दारात उभी आणि माझ्यासमोर शेवटचं पान!

आता उपाय. आधी पेडलची पुस्तिका काढा आणि आपोआप बंद होण्याची वेळ बदलता येते का, ते बघा. काही पेडलांत दोन्ही बटणं एकत्र दाबून ठेवत चालू केलं की ही वेळ वाढते किंवा ती सोय बंदच होते. काहींत ते कंपनीच्या ॲपमधून होतं. पुष्कळ स्वस्त पेडलांत मात्र असं काहीच नसतं. चार्जिंगला लावलेलं असताना काही पेडलं झोपत नाहीत, तेही करून बघा. पण त्यासाठी पॉवर बँक वापरणार असाल तर सांभाळून. पेडल इतका कमी विद्युतप्रवाह ओढतं की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं पलीकडे काही जोडलेलंच नाही, आणि त्या स्वतःच बंद पडतात. त्यापेक्षा भिंतीतल्या प्लगचा चार्जर बरा.

यातलं काही जमत नसेल तर पायाला एक सवय लावा. मी गेली कित्येक वर्षं हेच करतो. निवेदक गीतकाराचं नाव घेतो, म्हणजे गाणं अर्ध्या-एक मिनिटावर आलेलं असतं. तेव्हा एकदा 'पुढे' दाबायचं, तीन सेकंद थांबायचं आणि बघायचं. पान उलटलं असेल तर 'मागे' दाबून परत पहिल्या पानावर यायचं. उलटलं नसेल तर पेडल आता जागं झालेलं आहे, पुन्हा काही दाबायची गरज नाही. मधले तीन सेकंद महत्त्वाचे. न थांबता पुढे-मागे असं झटकन दाबलंत आणि तुमच्या पेडलने पहिला दाब टाकून दिला, तर फक्त 'मागे' पोचेल आणि गाण्यांची यादी लावलेली असली तर तुम्ही आधीच्या गाण्याच्या शेवटच्या पानावर जाल.

झोपेचं निदान झालं तरी आणखी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण दोन पानं उलटण्याची ती वेगळी कारणं आहेत आणि कधी कधी सगळी मिळून छळतात. पेडल बंद असतानाच टॅबवर नोंदी लिहायचं साधं ॲप उघडा आणि एका ओळीत 1234567890 लिहून कर्सर 1 च्या आधी न्या. आधी लिहायचं कारण असं की पेडल जोडलं की टॅबला खरा कीबोर्ड मिळाल्यासारखं वाटतं आणि पडद्यावरचा कीबोर्ड सहसा उमटत नाही. आता पेडल चालू करून ते डाव्या-उजव्या बाणाच्या पद्धतीवर ठेवा (बहुतेक पेडलांत अशा तीन-चार पद्धती असतात) आणि उजवं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा. कर्सर एक अंक पुढे गेला पाहिजे. नेमक्या, छोट्या दाबालाही अधूनमधून दोन अंक पुढे जात असेल, तर आतला स्विच थरथरतोय, म्हणजे एकाच दाबात दोनदा जोडला जातोय. त्यावर युक्ती नाही. वॉरंटीत असेल तर बदलून घ्या.

मग बटण दाबून तसंच धरून ठेवा. अर्ध्या सेकंदानंतर कर्सर भराभर पळायला लागला, तर तुमचं पेडल कळ दाबून धरल्याची खबर देतं आणि टॅब ती कळ पुन्हा पुन्हा गिरवतो. आपण टाइप करताना एखादं अक्षर दाबून धरलं की ओळभर तेच अक्षर उमटतं, तसंच. वाजवण्यात रंगलेला माणूस पाय उचलायला विसरतोच, विशेषतः संथ गाण्यात. आयपॅडवर `Accessibility` मधल्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये `Key Repeat` बंद केलं की हा त्रास मिटतो. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीत ही सोय मिळत नाही. तिथे पायालाच शिकवावं लागतं की सस्टेन पेडल धरायचं असतं आणि हे पेडल टोचायचं असतं. दोन्ही एकाच पायाकडे देऊ नका. माझ्याकडे उजवा पाय सस्टेनचा, डावा पानांचा, आणि त्यात कधीही बदल नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो, तो तुमच्यावर आला नसेल तर येईल. पेडल घरी आणलं की पहिल्या उत्साहात आपण ते हातातल्या फोनला जोडून बघतो. नंतर टॅबला जोडतो आणि फोनचं विसरून जातो. कार्यक्रमाच्या दिवशी पेडल जागं होतं आणि आधी फोन सापडला तर त्यालाच जाऊन चिकटतं, कारण ते एका वेळी एकाच यंत्राशी बोलतं. पेडलवरचा दिवा म्हणतो सगळं ठीक आहे, टॅब मात्र ढिम्म. फोन खिशात पानं उलटत बसलेला! ओळखायची खूण सोपी आहे: टॅबवर ॲपच्या शोधाच्या चौकटीत बोट लावा. पडद्यावरचा कीबोर्ड नेहमीसारखा वर आला तर पेडल बहुधा टॅबला जोडलेलं नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीतून ते पेडल कायमचं काढून टाका. वादकांच्या गप्पांत नेहमी ऐकू येतं की सभागृहातल्या कॉर्डलेस माइकमुळे ब्लूटूथ तुटतं. माझा अनुभव वेगळा आहे. पेडल आणि टॅब यांच्यात दीड मीटरसुद्धा अंतर नसतं आणि ब्लूटूथ स्वतःच गर्दीच्या लहरी टाळत उड्या मारत चालतं. दोष बहुतेक वेळा झोपेचा, फोनचा किंवा उतरलेल्या बॅटरीचाच निघाला आहे. बॅटरीचं म्हणाल तर लोकलच्या गर्दीत बॅगेवर दाब पडला की बटण दाबलं जातं आणि डोंबिवलीहून दादरला येईपर्यंत पेडल जागंच राहतं. सरकवायचा चालू-बंद खटका असलेलं पेडल यासाठीच घ्यावं.

इथवरचं सगळं पेडलबद्दल झालं. पण खरी चूक मला दुसरीकडे दिसते: तुम्ही पानाच्या अगदी शेवटच्या मात्रांवर दाबत असणार. कागदाची ती सवय आहे. म्हणून पेडलने एक सेकंद उशीर केला तरी तुमची धांदल उडते. यावर उत्तम उपाय अर्धं पान उलटण्याचा, आणि तो बरेच वादक वापरतच नाहीत. अँड्रॉइडवर `MobileSheets` मध्ये आणि आयपॅडवर `forScore` मध्ये ही सोय आहे. पहिल्या दाबाला पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात पुढच्या पानाचा वरचा भाग येतो आणि खालच्या अर्ध्यात तुम्ही वाचत असलेल्या पानाचा खालचा भाग तसाच राहतो. खालचा भाग वाजवून झाला की नजर वर जाते, तिथे पुढचं पान तयार असतं. मग ते वाचता वाचता दुसरा दाब, आणि खालच्या भागातही नवं पान.

हिशेब करून बघू. समजा पानावर आठ ओळी, प्रत्येक ओळीत चार माप, म्हणजे बत्तीस माप. लय मिनिटाला 96 ठोके, चार ठोक्यांचं माप. एक माप अडीच सेकंदांचं, अख्खं पान 80 सेकंदांचं, अर्धं पान 40 सेकंदांचं. पूर्ण पान उलटताना तुम्हाला दाबायला शेवटचं एखादं माप मिळतं, म्हणजे दोन-अडीच सेकंद, आणि झोपलेलं पेडल उठायलाही तेवढेच लागतात. अर्ध्या पानाच्या पद्धतीत तोच दाब 40 सेकंदांत कुठेही चालतो. मी नजर खालच्या भागात उतरून दोन ओळी झाल्या की दाबतो. नाही उलटलं तर शांतपणे तीन सेकंद बघतो, मग पुन्हा दाबतो. चुकून दोनदा गेलं तर खालचा भाग डोळ्यांसमोरून जातो, पण 'मागे' एकदा दाबलं की परत येतो, आणि तोवर हात आठवणीवर चालू शकतात. याची किंमत एवढीच की दाबण्याची संख्या दुप्पट होते. आठवडाभरात पाय ते शिकतो.

आता तुमच्यासारख्या गाण्याचं एक उदाहरण घेऊ. चार पानांचं नोटेशन आहे. पहिल्या पानावर सुरुवातीचं संगीत आणि मुखडा, दुसऱ्यावर मधलं संगीत आणि पहिला अंतरा, तिसऱ्यावर दुसरं मधलं संगीत आणि दुसरा अंतरा, चौथ्यावर शेवट. प्रत्येक अंतऱ्यानंतर मुखड्यावर यायचं. कागदावर हे चालतं, कारण पानं शेजारी शेजारी चिकटवलेली असतात आणि नजरेने उडी मारता येते. पेडलवर पहिल्या अंतऱ्यानंतर एकदा 'मागे', मग तिसऱ्या पानासाठी दोनदा 'पुढे', दुसऱ्या अंतऱ्यानंतर दोनदा 'मागे', आणि शेवटाला तीनदा 'पुढे'. यात चुकणार नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. `MobileSheets` मध्ये गाणं संपादित करताना पानांचा क्रम लिहायची जागा असते. तिथे असं लिहा:

```
1,2,1,3,1,4
```

आता ते गाणं ॲपसाठी सहा पानांचं झालं आणि तुम्हाला फक्त 'पुढे' दाबायचं आहे. `forScore` मध्ये `Rearrange` वापरून पानाच्या प्रती काढून हाच परिणाम साधता येतो. एक काळजी घ्या. पहिलं पान दुसऱ्यांदा समोर आलं की नजर सवयीने वरच्या ओळीवर जाते आणि हात सुरुवातीचं संगीत वाजवायला धावतात. मुखड्याच्या सुरुवातीला जाड लाल खूण करा. मुखडा पानाच्या खालच्या अर्ध्यात असेल तर अर्ध्या पानाच्या पद्धतीत तो दुसऱ्या दाबानंतरच दिसतो, म्हणून अशा जागी अंतरा संपण्याआधी दोन दाब लागतात. मला ते आवडत नाही, म्हणून मी मुखडा वेगळ्या पानावर, अगदी वर, पुन्हा लिहून काढतो. पंधरा मिनिटांचं काम आहे.

भावगीतांना हा क्रम चोख चालतो, कारण गाण्याचा आराखडा ठरलेला असतो. नाट्यपदांना लावू नका. वन्स मोअर आला, गायकाला एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली, की सहा पानांचा क्रम कोसळतो आणि तुम्ही डाव्या पायाने मागे-पुढे शोधत बसता. नाट्यपदाचं मी एकच पान करतो: मुखडा पूर्ण, अंतऱ्याच्या पहिल्या मात्रा, कॉर्ड्स आणि लयीचे बदल. पेडल त्या वेळी नुसतं पडून असतं. म्हणजे पुन्हा झोपणार, तेव्हा नाट्यपदानंतरच्या गाण्याआधी वर सांगितलेली जागं करायची सवय विसरू नका.

पेडलच्या जागेबद्दल थोडं. रंगमंचाच्या लाकडी फळीवर ते दर दाबाला सेंटीमीटरभर पुढे सरकतं आणि मध्यंतरापर्यंत पायाच्या टप्प्याबाहेर जातं. खाली रबरी चटईचा तुकडा ठेवा, किंवा साउंडवाल्यांकडून कापडी चिकटपट्टी मागून घ्या. आपल्याकडे बरेच वादक चपला काढून बसतात, ते इथे फायद्याचंच आहे. अनवाणी अंगठ्याला बटणाचा दाब नेमका कळतो, बुटातून तो कळत नाही. टकटक आवाज करणारं पेडल घेतलं असेल तर ध्वनिमुद्रणाला नेऊ नका. शेजारी तबल्याचा किंवा व्हायोलिनचा माइक असला तर तो आवाज स्पष्ट पकडतो.

फोनवर वाजवावं का, हाही प्रश्न लोक विचारतात. ए-फोर पान 21 सेंटीमीटर रुंद, फोनचा पडदा उभा धरला तर सात सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे नोटेशन एक तृतीयांश होतं. फोन आडवा धरला आणि पानाचे कोरे समास कापून टाकले तर स्वर वाचता येतात, पण एका वेळी दोन-तीन ओळीच दिसतात आणि पायाला उसंत मिळत नाही. संकटकाळी ठीक. मी त्याच गाण्यांच्या पीडीएफ फोनवर ठेवतो, पण पेडल त्याला जोडत नाही, कारण वर सांगितलंच आहे.

पुढच्या कार्यक्रमाला साउंड चेकच्या वेळी पेडल चालू करा, टॅब आपोआप बंद होण्याची वेळ जास्तीत जास्त ठेवा, सूचना येणं बंद करा आणि बाकीच्यांचा साउंड चेक चालू असताना वीस मिनिटं पेडलला मुद्दाम हात लावू नका. मग एक दाब द्या आणि पान किती सेकंदांनी उलटतं ते मोजा. तो आकडा पाच सेकंदांपेक्षा जास्त आला किंवा पेडल जागंच झालं नाही, तर त्या दिवसापुरती पहिल्या तीन गाण्यांची झेरॉक्स स्टँडवर टॅबच्या मागे ठेवा, आणि नंतर मला पेडलच्या दिव्याचा रंग आणि लुकलुकण्याचा प्रकार कळवा.